कोळी मुतला की आणखी काही? अंगावरचा चट्टा नीट वाचायचा कसा

पावसाळ्यात नाशिककडे एक वाक्य हमखास कानावर येतं: "कोळी मुतलाय." सकाळी उठल्यावर मानेवर किंवा दंडावर चटका बसल्यासारखा लालभडक पट्टा दिसला, की घरातलं कोणीतरी हा निकाल देऊन मोकळं होतं. मग त्यावर चुना, हळद, टूथपेस्ट किंवा केमिस्टकडची एखादी ट्यूब, जे हाताला येईल ते लावलं जातं. कोळी मात्र कोणीही पाहिलेला नसतो.

कोळी माणसाच्या अंगावर मुतत नाही. त्याची विष्ठा म्हणजे पांढुरका, खडूसारखा ठिपका असतो आणि त्याने कातडी भाजत नाही. चावायचं म्हटलं तरी घरातल्या बहुतेक कोळ्यांचे दात आपल्या कातडीत नीट शिरत नाहीत. कोपऱ्यात जाळं करणारा काटकुळ्या लांब पायांचा कोळी असो, भिंतीवर टुणकन उडी मारणारा बारका कोळी असो, की न्हाणीघरात अचानक दिसून घाबरवणारा तळहाताएवढा चपटा कोळी असो, या सगळ्यांना माणसापासून लांब पळायचं असतं. कपड्यात, बुटात किंवा अंगाखाली दाबला गेला तरच कोळी चावतो, आणि चावला तर ते त्याच क्षणी कळतं. टाचणी टोचल्यासारखं दुखतं, रुपयाच्या नाण्याएवढी किंवा थोडी मोठी लाल सूज येते, एक-दोन दिवस खाजतं आणि जातं.

यातून एक साधी परीक्षा मिळते. कोळी रक्त पिणारा कीटक नाही, त्यामुळे तो अंगावर फिरत फिरत चार ठिकाणी चावत नाही. ओळीने तीन-चार गांध्या दिसल्या तर आधी ढेकूण आणि पिसवा आठवाव्यात. जखम एकच असेल, चावताना दुखलं असेल आणि तिथे चिरडलेला कोळी सापडला असेल, तर "कोळी चावला" असं म्हणायला जागा आहे. यातलं काहीच नसेल तर दुसरं कारण शोधायचं.

तो पट्टा बहुधा कोणाचा असतो

एक उदाहरण पाहू. ऑगस्टचा महिना, मखमलाबादकडे मळ्याला लागून असलेलं घर. रात्री ट्यूबलाइटखाली एक मुलगा अभ्यास करत बसलाय आणि खिडकीला जाळी नाही. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून त्याने न बघता हात मारला आणि चोळून टाकलं. त्या रात्री काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत काही नाही. संध्याकाळी मानेची आग व्हायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथे बोटभर लांब, चाबूक ओढल्यासारखा लाल पट्टा होता आणि त्यावर बारीक पिवळसर फोडांची गर्दी. हनुवटीखाली, मान खाली घातली की जिथे कातडीला कातडी टेकते, तिथे तसाच दुसरा पट्टा उमटला होता, छाप मारल्यासारखा.

हे काम पीडेरस नावाच्या किड्याचं आहे. तो सात ते दहा मिलिमीटर लांब असतो, म्हणजे मोठ्या मुंगीएवढा, आणि पहिल्या नजरेत मुंगीच वाटतो. नीट पाहिलं तर डोकं काळं, त्यामागचा भाग नारिंगी, मग निळसर काळे आखूड पंख, पुन्हा नारिंगी पोट आणि शेपटीचं टोक काळं. डिवचलं की विंचवासारखी शेपटी वर करतो. भाताची खाचरं, ओलसर बांध आणि कुजलेला पालापाचोळा ही त्याची आवडती जागा, त्यामुळे इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या भातपट्ट्यात त्याला पावसाळ्यात रान मोकळं असतं. रात्री तो दिव्याकडे ओढला जातो. एरवी तो शेतकऱ्याचा मित्रच म्हणायचा, कारण पिकावरचे बारीक किडे खातो.

हा किडा चावत नाही आणि नांगीही मारत नाही. त्याच्या अंगातल्या रसात पेडेरिन नावाचं विष असतं. किडा अंगावर चिरडला की ते कातडीला लागतं आणि हात ज्या दिशेने फिरला त्या दिशेने पसरतं. पट्टा लांबट दिसतो तो यामुळे. पेडेरिन ॲसिडसारखं लगेच जाळत नाही. ते कातडीच्या पेशींमधलं प्रथिनं तयार करण्याचं काम बंद पाडतं. पेशी लगेच मरत नाहीत, त्यांचा साठा संपत जातो, आणि म्हणून आग आणि फोड बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी दिसतात. माणूस मात्र आज काय झालं ते आठवत बसतो. कालच्या रात्री मानेवरून झटकलेली "मुंगी" त्याच्या लक्षातही नसते.

किडा अंगावर दिसला तर मारू नका. फुंकर मारा किंवा कागदावर चढवून बाहेर टाका. चिरडला गेलाच, तर ती जागा लगेच भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, न चोळता. हातही धुवा, विशेषतः बोटं, कारण त्याच बोटांनी डोळा चोळला की पापणी फुगून डोळा बंद होतो. कपडा आणि उशीची खोळ धुवायला टाका. किडा मेला, वाळला, तरी त्याच्यातलं विष बराच काळ टिकतं.

पट्टा उमटल्यावर धुण्याचा फारसा उपयोग नाही, कारण विष आपलं काम करून गेलेलं असतं. आता काम आहे ते आग शमवायचं आणि फोड न फोडण्याचं. स्वच्छ कपडा गार पाण्यात बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, दिवसातून तीन-चार वेळा. फोडातलं पाणी दुसरीकडे लागलं म्हणून तिथे नवे फोड येत नाहीत आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. भांडी वेगळी करणं, मुलाला शाळेतून काढून बसवणं यातलं काही लागत नाही. एक ते दोन आठवड्यांत खपली पडते, मागे काळसर डाग राहतो आणि तो काही महिन्यांत फिकट होतो. चट्टा मोठा असेल, आग सहन होत नसेल तर डॉक्टर काही दिवसांपुरतं स्टेरॉइडचं मलम देतात. चट्टा डोळ्याजवळ असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

मलमाबद्दल इथेच थोडं स्पष्ट सांगायला हवं. केमिस्टकडे "खाजेची क्रीम" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवसांत लाली जाते म्हणून ती लोकप्रिय आहे. पण मूळ आजार नायटा असेल तर स्टेरॉइडमुळे बुरशी आतल्या आत पसरते, कडा पुसट होतात, आणि नंतर त्वचारोगतज्ज्ञालाही ओळखायला अवघड जातं. चुना आणि टूथपेस्टचं तर काय सांगावं? भाजलेल्या कातडीवर आणखी चटका बसतो आणि खालचा चट्टा पाहायला डॉक्टरला आधी लेप खरवडावा लागतो.

नागिणीशी होणारा घोळ

पट्टा आणि फोड दिसले की कोळ्यानंतर दुसरा निकाल नागिणीचा असतो, आणि नागीण ही खरोखर वेगळी गोष्ट आहे. लहानपणी कांजिण्या दिलेला विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी झोपून असतो आणि पुढे कधीतरी त्याच तंतूच्या वाटेने वर येतो. म्हणून नागिणीत आधी दुखतं, मग फोड येतात. एक ते पाच दिवस एकाच बाजूला बरगडीत, पाठीत किंवा कपाळाला ठणका, मुंग्या, वीज चमकल्यासारखी कळ येते, आणि मग तिथेच द्राक्षाच्या घोसासारखे फोडांचे पुंजके दिसतात. शरीराचा मध्य ओलांडून ती सहसा दुसऱ्या बाजूला जात नाही. पीडेरसचा पट्टा हात जिकडे गेला तिकडे जातो, मध्यरेषा वगैरे त्याला ठाऊक नसते.

हा फरक नुसत्या माहितीसाठी नाही. नागिणीवरच्या विषाणूविरोधी गोळ्या फोड दिसल्यापासून बहात्तर तासांत सुरू झाल्या तर सर्वांत जास्त उपयोगी पडतात. "विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो" ही भीती निराधार आहे, पण त्या भीतीपोटी मंत्र टाकून घेण्यात हे तीन दिवस गेले, तर फोड वाळल्यावरही महिनोन्‌महिने ठणका राहू शकतो, वयस्कांना जास्त. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्याला धोका असतो. तिथे एक दिवसही थांबू नका.

चावा नव्हे, गळू

पायावर किंवा मांडीवर एकच लाल, गरम, टणक गाठ येते, मधोमध पिवळा किंवा काळपट बिंदू असतो, आणि माणूस म्हणतो, रात्री काहीतरी चावलं. बहुतेक वेळा तो केसतोड किंवा गळू असतो. केसाच्या मुळाशी जंतू शिरलेले असतात, आणि तो बिंदू चाव्याची खूण नसून पू वर यायची जागा असते.

चावा समजून आपण बर्फ लावतो, आणि इथे उलटं करायला हवं. ताज्या चाव्यावर गार शेक द्यायचा: कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवायचा, मग दहा मिनिटं काढायचा. गळवाला मात्र कोमट, हाताला सोसवेल असा ओला शेक, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्याने पू एकवटतो आणि गळू स्वतःहून फुटतो. पिळू नका, सुई खुपसू नका. पू बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो. नाकावरचं आणि वरच्या ओठावरचं गळू तर अजिबात दाबायचं नाही. तिथल्या रक्तवाहिन्यांचा मेंदूजवळच्या शिरांशी संबंध आहे. फुटलं की साबणाने धुऊन कोरडी पट्टी बांधा आणि टॉवेल वेगळा ठेवा. हा आजार मात्र एकाचा दुसऱ्याला लागतो.

लाली वाढतेय की कमी होतेय हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, कारण आपण काल पाहिलेलं आज आठवतं ते अंदाजाने. म्हणून बॉलपेन घ्या आणि लालीच्या कडेने रेघ काढा. बाजूला वेळ लिहा, उदाहरणार्थ "मंगळवार, सकाळी नऊ". शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढा. सहा तासांनी पुन्हा बघा. लाली रेघेच्या आत असेल तर घरी थांबता येतं. रेघ ओलांडून बाहेर गेली, गरम लागतेय आणि दाबलं की दुखतंय, तर कातडीखाली संसर्ग पसरतोय आणि त्याच दिवशी डॉक्टर हवा. एक अपवाद लक्षात ठेवा. गांधीलमाशी किंवा मुंगी चावल्यावर पहिल्या दिवसात लाली वितभर पसरू शकते, पण ती मुख्यतः खाजते, ठणकत नाही. ती ॲलर्जीची सूज असते आणि तिला अँटिबायोटिक लागत नाही. संसर्गाची लाली सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वाढते आणि दुखते.

त्यातही एक प्रकार फसवा आहे. वरून फार काही दिसत नाही, पण वेदना इतकी की माणूस कळवळतो. मग कातडी जांभळट होते, फोड येतात, माणूस गळून जातो. तिथे जंतू खोलवर वेगाने मांस कुजवत असतात. दिसण्याच्या मानाने दुखणं फारच जास्त असेल, तर रेघ काढून वाट बघायची नाही, सरळ मोठ्या रुग्णालयात जायचं. मधुमेही माणसाच्या पायावरची कुठलीही जखम पहिल्याच दिवशी दाखवावी. त्याला दुखत नाही याचा अर्थ जखम साधी आहे असा होत नाही, तळव्याची संवेदना गेलेली असू शकते.

न दुखणारी काळी खपली

पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर थंडीच्या सुरुवातीला गवतात काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवं. ताप येतो, डोकं फुटायला आल्यासारखं दुखतं, अंग मोडून येतं. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइडच्या तपासण्या होतात. आणि काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत किंवा स्तनाखाली एक बारीक काळी खपली बसलेली असते, सिगारेटचा चटका दिल्यासारखी, भोवती लाल कडा, सहसा सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. कोणी पाहिलीच तर "कोळी चावला असेल" म्हणून सोडून देतं.

हा स्क्रब टायफस असू शकतो. गवतातल्या माइट नावाच्या किड्याची अगदी बारीक अळी चावते, आणि साधारण आठवडा ते तीन आठवड्यांत ताप चढतो. नेहमीच्या तापात दिल्या जाणाऱ्या बऱ्याच अँटिबायोटिकचा त्यावर परिणाम होत नाही. डॉक्सिसायक्लिनने मात्र बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि मेंदूपर्यंत आजार जातो आणि माणूस दगावू शकतो. रक्ताची तपासणी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा काही दाखवत नाही, म्हणून ती खपली हाच सर्वांत मोठा पुरावा असतो. घामाच्या जागी ती काळी नसून पिवळसर उथळ व्रणासारखी दिसते, हेही ठाऊक असावं. म्हणून ताप असेल तर घरच्यांनी आंघोळीच्या वेळी काख, जांघ, कमरेचा पट्टा, कानामागची जागा असं सगळं उजेडात बघावं, आणि काही दिसलं तर ते लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवावं.

पावसाळी तापात अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन मनानेच घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल पुरे.

रात्री जमिनीवर झोपलेला माणूस

"किडा चावला" या शब्दामागे कधी कधी मण्यार असते. वस्तीवर जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दात बारीक, चावा जवळजवळ न दुखणारा, खूण दिसेलच असं नाही, सूजही नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, मग पापण्या जड होतात, घोट गिळवत नाही, बोलणं अडखळतं. याला पित्त समजून सोडा देण्यात वेळ घालवला तर पुढे श्वासाचे स्नायू बंद पडतात. पापण्या आपोआप मिटत असतील तर चाव्याची खूण शोधत बसू नका. १०८ ला फोन लावा, माणसाला कुशीवर झोपवा, चालवू नका, काही बांधू नका, चिरू नका, चोखू नका. साप चावल्याची नुसती शंका असली तरी चोवीस तास रुग्णालयात नजरेखाली राहणं योग्य, कारण लक्षणं कित्येक तासांनी सुरू होऊ शकतात.

विंचवाचं उलट असतं, चावताक्षणी प्राण जाईल असं दुखतं. नुसतंच दुखत असेल तर धोका कमी. पण घामाने अंग ओलं झालं, हातपाय गार पडले, उलटी, छातीत धडधड, तर लाल विंचवाचं विष हृदयावर चढतंय असं समजा, लहान मुलात तर विशेष. यावर प्राझोसिन ही साधी रक्तदाबाची गोळी कामी येते. तिचा उपयोग महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिला. ती कधी आणि किती द्यायची हे डॉक्टरच ठरवतात.

खऱ्या कोळीदंशातही असा विरळा प्रकार आहे. लॅट्रोडेक्टस वंशाचे कोळी भारतात आहेत. त्यांच्या चाव्यानंतर तासाभरात पोट, पाठ, मांड्या यांत कडक गोळे येतात आणि घाम सुटतो. असं झालं तर रुग्णालय गाठायचं. सापावरची लस इथे चालत नाही, ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारच सापांसाठी असते. उपचार वेदना आणि स्नायूंचे गोळे कमी करण्याचे असतात. आणि कुठल्याही चाव्यानंतर काही मिनिटांत अंगभर गांध्या, ओठ-जिभेला सूज किंवा दम लागला तर ती तीव्र ॲलर्जी. तिथे घरातल्या गोळीवर अवलंबून न राहता पहिलं मिळेल ते रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे जाताना

किडा सापडला असेल, मेलेला का असेना, तर कागदाने उचलून झाकणाच्या बाटलीत घाला. हाताने धरू नका. किडा नसेल तर फोटो तरी न्या, पहिल्या दिवसाचा आणि आजचा. पहिल्यांदा काय जाणवलं, दुखणं आधी की चट्टा आधी, त्याआधीच्या दोन रात्री कुठे झोपला होतात, शेतात किंवा गवतात कधी गेलात, ताप आहे का, आणि आतापर्यंत काय काय लावलंत, हे सांगा. शेवटचं सांगताना लोक कचरतात, पण चुना लावला असेल तर चुना म्हणूनच सांगा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं तेही आठवून ठेवा. जखम मातीत, शेणात मळलेली असेल आणि पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं, स्वच्छ जखमेला दहा वर्षं धरतात.

मखमलाबादच्या त्या मुलाच्या घरी डॉक्टर बहुधा मलमाच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट सांगतील: खिडकीला बारीक जाळी, रात्री टेबलावरचा दिवा खिडकीपासून लांब, पलंग बरोबर ट्यूबलाइटखाली नको, आणि झोपण्याआधी अंथरूण झटकायचं. जाळी डासांची चालते, फक्त कडेला फट राहू द्यायची नाही. पीडेरसला मुंगी शिरेल एवढी वाट पुरते.